'शुड' आणि 'सपोज्ड टू': नियम कुणाचा, ते आधी बघा

घरात गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन दोघं बोलताहेत. एक जण म्हणतो, "आय थिंक यू शुड टेक इट आफ्टर फूड." दुसरा म्हणतो, "आय थिंक यू आर सपोज्ड टू टेक इट आफ्टर फूड." फरक मराठीत लगेच उघडा पडतो. पहिला सांगतोय, "मला वाटतं, तू जेवणानंतर घ्यावीस." दुसरा सांगतोय, "मला वाटतं, ही जेवणानंतर घ्यायची असते." पहिल्याने स्वतःचा सल्ला दिला. दुसऱ्याला डॉक्टरांचं किंवा पाकिटावरचं काहीतरी आठवतंय आणि ते बरोबर आठवतंय का, एवढीच त्याला शंका आहे.

रिकाम्या जागा भरताना मुलं चुकतात ती बहुतेक इथेच. 'शुड', 'सपोज्ड टू' आणि 'मेन्ट टू' या तिन्ही रूपांचा अर्थ 'पाहिजे' असा पाठ केला, की निवड करायला आधारच उरत नाही. खरं तर आपल्या भाषेत हा भेद आधीपासून आहे. देवळाच्या दारात आपण लहान मुलाला सांगतो, "इथे चपला काढायच्या असतात." हे आपलं मत नसतं. रीत आधीपासून आहे, आपण ती फक्त पोचवतो. हे '-यचं असतं' म्हणजेच 'बी सपोज्ड टू'. '-वं' किंवा '-यला हवं' म्हणजे 'शुड'.

म्हणूनच नियम करणारा आणि तो सांगणारा वेगवेगळी रूपं वापरतात. कचेरीच्या सूचनाफलकावर 'व्हिजिटर्स शुड साइन द रजिस्टर' असं लिहिलेलं असतं, कारण तिथे कचेरीच बोलत असते. तेच वाचून एक पाहुणा दुसऱ्याला म्हणतो, "वी आर सपोज्ड टू साइन." प्रश्नपत्रिकेत वाक्य फलकावरचं आहे की कुणाच्या तोंडचं, हे पाहिलं तरी पुष्कळदा उत्तर हाती लागतं.

आता एक रिकामी जागा नीट सोडवू: 'द ट्रेन ____ अराइव्ह ॲट ६:४०, बट इट्स ऑलरेडी सेव्हन.' पर्याय तीन: 'शुड', 'शुड हॅव', 'वॉज सपोज्ड टू'. आधी जागेनंतरचं क्रियापद बघा. ते मूळ रूपात आहे. 'शुड हॅव'नंतर 'अराइव्ह्ड' लागलं असतं, म्हणून तो पर्याय गेला. 'शुड अराइव्ह' व्याकरणात बसतं, पण ते पुढे येणाऱ्या गाडीबद्दल बोलतं, आणि इथे ६:४० कधीच होऊन गेलेत. उरलं 'वॉज सपोज्ड टू': गाडी ६:४० ला यायची होती. वेळापत्रकात तसं ठरलं होतं, झालं मात्र नाही. पुढचा 'बट' तेच सांगतो. त्याच वाक्यात 'अराइव्ह्ड' छापलं असतं, तर 'शुड हॅव' बरोबर ठरलं असतं: यायला हवी होती.

'यायचं होतं' लिहिताना एक मराठी खाच सांभाळावी लागते. "मी पाचला यायचं होतं" म्हणजे तसं ठरलं होतं, 'आय वॉज सपोज्ड टू कम'. "मला पाचला यायचं होतं" म्हणजे बहुधा माझी इच्छा होती, 'आय वॉन्टेड टू कम'. एका प्रत्ययाने अर्थ उलटतो, आणि मनात मराठी वाक्य जुळवणारा विद्यार्थी तिथेच घसरतो.

'मेन्ट टू'मध्ये मूळ कल्पना हेतूची आहे. 'इट वॉज मेन्ट टू बी अ सरप्राइज' म्हणजे करणाऱ्याच्या मनात तसं होतं. ब्रिटिश इंग्रजीत मात्र ते कर्तव्यासाठी आणि ठरलेल्या गोष्टींसाठीही सर्रास येतं: 'वी वर मेन्ट टू मीट ॲट सिक्स.' त्यामुळे 'वी वर ____ टू मीट' अशी एका शब्दाची जागा असेल, तर 'सपोज्ड' आणि 'मेन्ट' दोन्ही बरोबर आहेत. उत्तरसूचीत एकच दिलं असेल, तर ती सूची अपुरी आहे. मुलाचे गुण कापू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. 'शुड' मात्र तिथे बसूच शकत नाही, कारण त्याच्या आधी 'वर' आणि नंतर 'टू' चालत नाही.

स्पेलिंगमधली चूक कानामुळे होते. बोलताना 'सपोज्ड'मधला 'ड' पुढच्या 'ट'मध्ये विरतो आणि ऐकू येतं 'सपोस्टु'. म्हणून वह्यांत 'डी'शिवायचं रूप दिसतं. लिहिताना तो 'डी' हवाच.

सगळ्यात बारीक फरक प्रश्नात आहे. 'व्हॉट शुड आय डू?' म्हणजे "मी काय करू?", इथे समोरच्याचा सल्ला हवाय. 'व्हॉट ॲम आय सपोज्ड टू डू?' म्हणजे कधी साधी चौकशी: नवीन माणूस कामाच्या पहिल्या दिवशी विचारतो, "मी काय करायचं असतं?" पण आधीचं वाक्य 'द ऑफिस इज क्लोज्ड अँड नोबडी आन्सर्स द फोन' असं असेल, तर तेच शब्द वैतागाचे होतात: "मग मी करायचं तरी काय?"