शेअर बाजारांचा व्यवसाय सातत्य आराखडा : जबाबदाऱ्या, पर्यायी केंद्रे आणि संपर्क-साखळी यांची पार्श्वभूमी

शेअर बाजाराच्या व्यवसाय सातत्य आराखड्याचा सारांश उघडला की तीन गोष्टी ठळक दिसतात: आणीबाणी जाहीर कोणी करायची, काम कोठे हलवायचे आणि कोणी कोणाला कळवायचे. या तिन्ही तरतुदींमागे मुंबईतल्या बाजारांना आलेले अनुभव आहेत.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. तेव्हा व्यवहार दलालांच्या समोरासमोरच्या बोलीने होत असत. त्यामुळे ती वास्तू बंद पडली तर बाजार अन्यत्र भरवण्याची सोयच नव्हती. पुढच्या दोन वर्षांत चित्र पालटले. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार संगणकीय पडद्यावर सुरू झाला आणि १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही तोच मार्ग धरला. धोका आता सभागृहाकडून डेटा सेंटरकडे सरकला. मात्र डेटा सेंटरची प्रत दुसऱ्या शहरात ठेवता येते, आणि पर्यायी केंद्राची कल्पना त्यातूनच व्यवहार्य झाली.

सेबीच्या नियमांनुसार ही रचना तीन टप्प्यांची आहे. मुख्य केंद्राजवळ एक निकटचे केंद्र असते. त्याचे काम एवढेच की एकही व्यवहार हरवू नये. दूरचे आपत्ती-पुनर्प्राप्ती केंद्र शक्यतो मुख्य केंद्राहून वेगळ्या भूकंप-क्षेत्रात असावे आणि ते शक्य नसेल तर किमान ५०० किलोमीटर अंतरावर असावे. राष्ट्रीय शेअर बाजाराचे असे केंद्र चेन्नईत आहे. अंतर वाढले की माहिती पोहोचायला वेळ लागतो, म्हणून दूरच्या प्रतीत शेवटचे काही व्यवहार राहून जाऊ शकतात. ती उणीव भरून काढण्यासाठीच निकटचे केंद्र लागते. दूरच्या केंद्रातील कर्मचाऱ्यांना मुख्य केंद्रातील लोकांइतकेच ज्ञान असावे, अशीही अट आहे, आणि माझ्या मते ती यंत्रांविषयीच्या अटींइतकीच मोलाची आहे, कारण मुंबईतले लोक कचेरीत पोहोचूच शकत नाहीत, अशा दिवशी सारा भार त्यांच्यावरच असतो.

एवढी व्यवस्था असूनही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे मासिक सौदापूर्तीच्या आदल्या दिवशी, राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार ११:४० च्या सुमारास थांबले. बाजाराच्या स्पष्टीकरणानुसार केंद्रांना जोडणाऱ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार वाहिन्या रस्त्यावरील खोदकाम व बांधकाम यांमुळे अस्थिर झाल्या. तेवढ्याने मुख्य केंद्र बंद पडायला नको होते. परंतु तेथील माहितीसाठाच अनुपलब्ध झाला आणि क्लिअरिंगची, म्हणजे सौद्यांचा हिशेब व पूर्तता करणाऱ्या विभागाची, जोखीम-नियंत्रण प्रणाली थांबली. जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवणे शक्य नव्हते. काम चेन्नईला हलवले गेले नाही.

त्या दिवशीची दुसरी उणीव संपर्काची होती. व्यवहार पुन्हा कधी सुरू होतील हे दलालांना नेहमीची बंद होण्याची वेळ, ३:३०, जवळ येईपर्यंत कळले नाही. तोवर अनेकांनी ग्राहकांचे त्याच दिवशी मिटवायचे सौदे मुंबई शेअर बाजारात उलट व्यवहार करून बंद केले होते. मग ३:४५ ला बाजार उघडला आणि ५ वाजेपर्यंत चालला. संपर्क-साखळी तांत्रिक विभाग, वरिष्ठ अधिकारी आणि नियामक यांच्यापर्यंत येऊन थांबली, तर बाहेरच्या माणसाला बसणारा फटका असा असतो. म्हणून सारांशात सदस्य दलालांना पहिला निरोप कोण देणार आणि नवी माहिती नसली तरी पुढचा निरोप किती वेळाने जाणार, हे लिहिलेले असले पाहिजे.

सेबीने मार्च २०२१ मध्ये वेळा कडक केल्या. कळीच्या प्रणालीत बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत तो ‘आपत्ती’ म्हणून जाहीर करायचा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत दूरच्या केंद्रातून काम सुरू करायचे. म्हणजे १० वाजता बिघाड झाला तर १०:३० पर्यंत निर्णय आणि ११:१५ पर्यंत व्यवहार. या हिशेबात सर्वांत अवघड भाग पहिल्या अर्ध्या तासाचा आहे, कारण दुरुस्ती ‘आता होईल’ असे अभियंत्यांना प्रत्येक क्षणी वाटत असते. त्यासाठी निर्णयाची जबाबदारी व्यक्तीच्या नावाऐवजी पदावर ठेवलेली असते: आपत्ती व्यवस्थापन गटाचे अध्यक्षपद व्यवस्थापकीय संचालकांकडे आणि ते उपलब्ध नसल्यास मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याकडे. ज्या सारांशात हा पर्यायी अधिकारी नोंदलेला नाही, त्यातील ३० मिनिटे फोन लावण्यातच जातील.

२ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, दोन्ही शेअर बाजारांनी याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. सकाळी ९:१५ ते १० पर्यंत खरे सौदे मुख्य केंद्रातून झाले आणि ११:३० पासूनचे सत्र दूरच्या केंद्रातून चालले. अर्थात ही तारीख व वेळ सर्वांना आधीच कळवलेली होती.