अंथरुणातले तास, झोपेचे तास

झोप येत नाही म्हणून सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्यानं पलंग दोनदा फिरवला. उत्तरेकडे डोकं नको, असं कुणीतरी सांगितलं होतं. पलंग फिरला, आत्या जागीच.

मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन आठवडे ती सकाळच्या चहाबरोबर वही लिहू लागली: आडवी कधी झाले, झोप लागायला किती वेळ गेला, मधे किती जागी होते, उठले कधी. सगळं अंदाजानं, कारण रात्री घड्याळ बघितलं की झोप आणखी पळते. मनगटावरच्या घड्याळाचा ‘स्लीप स्कोअर’ आम्ही धरला नाही. निपचित पडून जागं असलेल्या माणसालाही ते अनेकदा झोपलेला समजतं.

सरासरी अशी निघाली: रात्री १० ते सकाळी ६.३०, म्हणजे अंथरुणात ५१० मिनिटं. झोप लागायला ६०, मधली जाग ६०, पहाटे नुसतं लोळणं ६०. उरली ३३० मिनिटं झोप. ३३० भागिले ५१०, गुणिले १००: झोपेची कार्यक्षमता ६५ टक्के.

झोपेवर संशोधन करणारे आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली युक्ती इथे उलटी वाटते. झोप वाढवायची नाही, भागाकारातला छेद, म्हणजे अंथरुणातला वेळ, कमी करायचा. आत्याला साडेपाच तासच अंथरूण मिळालं: उठायचं रोज ६ वाजता, पाठ टेकायची रात्री १२.३० ला. दुपारची वामकुक्षी बंद. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. १० वाजता ही ओढ अपुरी असायची, १२.३० पर्यंत ती पुरेशी साचते. दुपारच्या डुलकीत तीच साठवण खर्च होते.

पहिल्या आठवड्यात झोप घटली, २९० मिनिटांवर आली. आत्या वैतागली. पण २९० भागिले ३३० म्हणजे ८८ टक्के! नियम असा की आठवड्याची सरासरी ८५ च्या वर गेली तर १५ मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ असेल तर तसंच ठेवायचं, ८० च्या खाली गेली तर १५ कमी करायची. म्हणून १२.१५. दुसऱ्या आठवड्यात ३४५ पैकी ३२०, म्हणजे ९३ टक्के, म्हणून १२. तिसऱ्या आठवड्यात घरी लग्नाचे पाहुणे, ३६० पैकी २९५, म्हणजे ८२, वेळ तीच. एका वाईट रात्रीवरून काही बदलायचं नाही, हे तिला पटवायलाच जास्त वेळ गेला.

टक्के ९५ च्या पुढे गेले म्हणून पेढे वाटू नयेत. अंथरुणात पडताक्षणी झोप आणि दिवसभर पेंग, म्हणजे वेळ अपुरा पडतोय. अशा दिवसांत दुचाकी घरीच ठेवावी. आत्या मंडईत रिक्षानं जायची. अंथरुणाचा वेळ पाच तासांखाली कधीच न्यायचा नाही. फिट्स, बायपोलर आजार, झोपेत चालणं, घोरताना श्वास अडकणं असेल, किंवा पोटापाण्यासाठी गाडी वा यंत्र चालवत असाल, तर हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नये.

चौथ्या आठवड्यात ३६० पैकी ३२५, म्हणजे ९० टक्के. आता ११.४५. वाढवलेली मिनिटं झोपेत न जाता जागरणातच जाऊ लागली, की मागच्या वेळेवर परतून तिथेच थांबायचं. आत्याची ती वेळ अजून आलेली नाही.