सुसम पंचकोन: ‘अचूक’ म्हणजे नेमकं काय?

बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त वर्तुळात बसणाऱ्या सुसम आकृतींच्या बाजू काढायचा एक नियम आहे. व्यासाला ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि १,२०,००० ने भागायचं. पंचकोनाचा आकडा श्लोकात ‘वेदाग्निबाणखाश्व’ असा दिला आहे. शब्दांतले अंक उजवीकडून मांडले की ७०५३४ मिळतात. आजच्या गणकयंत्रावर हीच किंमत सुमारे ७०५३४.२ येते. त्याच यादीत सप्तकोनाला ५२०५५ आणि नवकोनाला ४१०३१ दिले आहेत. हे दोन्ही आकडे साधारण अकराने कमी पडतात. पट्टी आणि कंपास घेऊन काढता न येणाऱ्या आकृतीही यादीत नेमक्या या दोनच! ते अशक्य असल्याचं छापील रूपात सिद्ध व्हायला मात्र १८३७ उजाडलं.

पंचकोन काढता येतो, हे ग्रीकांना त्याच्या बरंच आधी माहीत होतं. सगळ्यांत सुटसुटीत रीत दुसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ज्योतिषग्रंथात, जीवांच्या कोष्टकासाठी आली आहे. १ त्रिज्येचं वर्तुळ घेऊन त्यात उभा आणि आडवा व्यास काढा. उजवीकडच्या आडव्या त्रिज्येचा मध्य म, आणि उभ्या व्यासाचं वरचं टोक अ. मवर कंपास ठेवून मअ एवढा कंस फिरवला की तो डावीकडच्या आडव्या त्रिज्येला न बिंदूत छेदतो. अ ते न हे अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. मअ = √5/2 असल्याने केंद्रापासून नचं अंतर (√5−1)/2 येतं, आणि ती दशकोनाची बाजू असते. अपासून सलग पाच वेळा कंपास फिरवला तर प्रत्येक खुणेची चूक साठत जाते आणि शेवटची बाजू आखूड किंवा लांब पडते. म्हणून अपासून दोन्ही अंगांना दोन-दोनदाच फिरवावं, आणि उरलेल्या तळाच्या बाजूवर कंपास लावून पाहावा.

चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामला कंपास कळत नाही, त्याला निर्देशक लागतात. ‘अचूक’ या शब्दाचा घोळ इथूनच सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, ७२ अंशांचा साइन मागा आणि मोकळे व्हा. दुसरा वर्गमुळांत लिहायला सांगतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मला दुसरा पक्ष पटतो, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. संगणकाच्या द्विमान अपूर्णांक-गणिताच्या १९८५ च्या मानकाने वर्गमुळाचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत योग्य पूर्णांकित असण्याची सक्ती केली. साइनला तशी सक्ती नव्हती. त्यामुळे एकच सूत्र दोन यंत्रांवर शेवटच्या अंकात वेगळं उत्तर देऊ शकतं. शिवाय साइनला कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो, म्हणजे π ची किंमत आधीच तोडलेली असते.

```
s5 = sqrt(5)
c1 = R*(s5-1)/4
c2 = R*(s5+1)/4
s1 = R*sqrt(10+2*s5)/4
s2 = R*sqrt(10-2*s5)/4
(0,-R) (s1,-c1) (s2,c2) (-s2,c2) (-s1,-c1)
```

R ही वर्तुळाची त्रिज्या. बहुतेक पडद्यांवर y खाली वाढतो, म्हणून वरचा शिरोबिंदू −R. नेहमीची चूक म्हणजे s1 आणि s2 मधली अधिक-वजा चिन्हं उलटी पडणं. प्रत्येक बिंदूचं केंद्रापासून अंतर मोजलं की ती लगेच सापडते, कारण R च्या जागी भलतीच संख्या येते.

पण वर्गमुळंही अखेर दशांशांत उतरतात, आणि इथे पळवाट नाही. परिमेय निर्देशकांच्या बहुभुजाचं क्षेत्रफळ परिमेय येतं, बाजूचा वर्गही परिमेय येतो. सुसम पंचकोनात मात्र या दोहोंचं गुणोत्तर √(25+10√5)/4, म्हणजे अपरिमेय आहे. म्हणून आलेखाच्या चौकटींवर, कितीही बारीक केल्या तरी, खरा सुसम पंचकोन बसत नाही. R = १०० घेऊन निर्देशक पूर्णांकांत आणले, (९५, ३१) आणि (५९, ८१) असे, तर वरून खाली बाजू ११७.४१, ११७.६४ आणि ११८ येतात. खरी बाजू आहे ११७.५६. म्हणून फाइलमध्ये सूत्र ठेवावं आणि पूर्णांकन शेवटी एकदाच करावं. एक बिंदू ७२ अंशांनी फिरवून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, असं केलं तर कंपासाचीच जुनी चूक परत येते.

एक तक्रार मात्र गणिताची नाही, तरी लोक ती गणितावर ढकलतात. पंचकोन मध्यावर आणण्याची आज्ञा दिली की प्रोग्राम सहसा भोवतालच्या चौकटीचा मध्य धरतो, वर्तुळाचा नाही. आकृतीची उंची सुमारे १.८१R असल्याने हे दोन मध्य जवळजवळ ०.०९५R ने वेगळे पडतात. R = १०० असताना तो फरक साडेनऊ एकक होतो, आणि पंचकोन फिरवला की तो डगमगतो.