कोकच्या बिलातली तिसरी ओळ
अँटी-डंपिंग आणि सेफगार्ड ड्युटीविषयी आमच्या ग्राहकांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फाउंड्रीवाल्यांचा आयात माल आम्ही बंदरातून सोडवून आणतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी कुणी बिल ऑफ एंट्रीची प्रत टेबलावर ठेवतं आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारतं, "साहेब, ड्युटी पाच टक्के म्हणाला होता, मग हे काय?" उत्तर द्यायला चहा संपेपर्यंत वेळ लागतो. फोनवर तर ते नीट सांगताच येत नाही, म्हणून हे पत्रक छापलंय.

उदाहरण कोकचंच घेऊ. कुपोला ज्यांच्याकडे अजून चालते त्यांना त्याचा भाव तोंडपाठ असतो.

नेहमीची कस्टम ड्युटी म्हणजे बेसिक कस्टम ड्युटी. १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक मालाचा कोड आणि त्यापुढे दर असतो. माल कोणत्या कंपनीने केला, स्वस्त विकला की महाग, याच्याशी या दराला देणंघेणं नाही. तो सरकारच्या महसुलाचा आणि धोरणाचा भाग आहे. सरकार तो एका अधिसूचनेने बदलू शकतं, कुणाची सुनावणी घ्यावी लागत नाही. २२ मे २०२२ ला कोकवरची पाच टक्के ड्युटी शून्य झाली आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पुन्हा पाचवर आली. सहा महिन्यांच्या आत हे दोन्ही झालं. कुठल्याही फाउंड्रीला आधी विचारलं नव्हतं, विचारायची गरजही नव्हती.

अँटी-डंपिंगचं तसं नाही. तिला आरोप लागतो, चौकशी लागते आणि निकाल लागतो.

आरोप असा असतो की परदेशातली कंपनी आपल्या देशात ज्या भावाने माल विकते त्यापेक्षा कमी भावाने तो भारतात पाठवते आणि त्यामुळे इथल्या कारखानदाराचं नुकसान होतं. नुसता स्वस्त माल म्हणजे डंपिंग नव्हे, हे लक्षात ठेवा. त्या कंपनीच्या देशातच तो माल तेवढाच स्वस्त विकला जात असेल, तर एरवी डंपिंग सिद्ध होत नाही. इथले उत्पादक अर्ज करतात, वाणिज्य मंत्रालयातलं व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करतं. आपण त्याला डीजीटीआर म्हणतो. चौकशीला साधारण वर्ष लागतं, कधी सहा महिने वाढवून मिळतात. शेवटी डीजीटीआर फक्त शिफारस करतं. ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि ते शिफारस फेटाळूही शकतं.

ड्युटी किती, हे दोन आकड्यांवरून ठरतं. समजा, कोकचा त्यांच्या देशातला भाव टनाला २६० डॉलर आणि भारतात पाठवायचा भाव २२०. डंपिंगची तफावत ४० डॉलर झाली. पण इथल्या उत्पादकाचं नुकसान भरून निघायला २५ डॉलर पुरत असतील, तर ड्युटी २५ च लागते. दोन्हींत जो आकडा लहान, तो. हे आकडे समजावण्यासाठी धरलेत, पण पद्धत हीच आहे. तफावत निर्यातभावाच्या दोन टक्क्यांच्या आत असेल तर ड्युटी लागतच नाही.

बिलात काय दिसतं

२५ नोव्हेंबर २०१६ ला लो ॲश मेट कोकवर अँटी-डंपिंग ड्युटी लागली, पाच वर्षांसाठी. चिनी कोकवर टनाला २५.२० डॉलर आणि ऑस्ट्रेलियन कोकवर १६.२९ डॉलर. टक्के नाहीत, टनामागे ठरलेले डॉलर. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

२०१८ मधलं एक काल्पनिक बिल मांडू. कोक चीनचा, किंमत टनाला ३०० डॉलर, डॉलर ७० रुपयांचा धरू. टनाची किंमत २१,००० रुपये झाली. बेसिक ड्युटी पाच टक्के म्हणजे १,०५० रुपये. तिच्यावर दहा टक्के सामाजिक कल्याण अधिभार, १०५ रुपये. तिसरी ओळ अँटी-डंपिंगची: २५.२० गुणिले ७०, म्हणजे १,७६४ रुपये. या ओळीवर अधिभार लागत नाही. आयजीएसटी मात्र सगळ्या बेरजेवर लागतो. २३,९१९ रुपयांवर तेव्हाच्या पाच टक्क्यांनी तो १,१९६ रुपये होतो. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. बेसिकचं मिळत नाही, आणि अँटी-डंपिंगचंही नाही. ते १,७६४ रुपये थेट तुमच्या कास्टिंगच्या खर्चात जातात. शंभर टनांना पावणेदोन लाखांच्या वर.

आता कोक स्वस्त होऊन २०० डॉलरवर आला असं धरा. किंमत १४,००० रुपये, बेसिक ड्युटी उतरून ७००, अधिभार ७०. अँटी-डंपिंग? तेच १,७६४. आधी ते मालाच्या किमतीच्या ८.४ टक्के होतं, आता १२.६ टक्के झालं. बाजार पडला की ही ओळ जास्त टोचते, आणि रुपया घसरला की आणखी. डॉलरचा दर बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या तारखेचा धरतात, सौदा ठरल्याच्या तारखेचा नाही.

सेफगार्ड वेगळी कशी

सेफगार्डमध्ये कुणावर आरोप नसतो. परदेशी विक्रेता भाव पाडतोय असं म्हणायचंच नसतं. आयात अचानक एवढी वाढली की इथला धंदा गंभीर अडचणीत आला, एवढं दाखवलं की पुरतं. म्हणून ती एखाददुसऱ्या देशाला किंवा कंपनीला धरून नसते, जगभरच्या मालावर लागते. ज्या विकसनशील देशांचा आयातीतला वाटा तीन टक्क्यांच्या आत आहे त्यांना सूट असते, पण अशा सगळ्या देशांचा मिळून वाटा नऊ टक्क्यांवर गेला की तीही जाते. आणि ही ड्युटी कायम ठेवता येत नाही. एका वर्षापेक्षा जास्त चालली तर दर टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

शीट मेटल आणि फॅब्रिकेशनवाल्यांना याचा अनुभव ताजा आहे. २१ एप्रिल २०२५ ला पोलादाच्या फ्लॅट मालावर १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड लागली, २०० दिवसांसाठी. तिच्यात एक खाच होती: हॉट रोल्ड कॉइल टनाला ६७५ डॉलर किंवा वर आली तर ड्युटी नाही, खाली आली तर आहे. म्हणजे स्वस्त मालालाच अडवायचं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये ती तीन वर्षांसाठी पक्की झाली: पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५, तिसऱ्या वर्षी ११ टक्के. टक्केवारीत असल्यामुळे ती भावाबरोबर खाली-वर होते, कोकच्या त्या डॉलरसारखी एका जागी बसत नाही. पण लागायची तेव्हा सगळ्यांना एकदम लागते. दुसऱ्या देशाचा विक्रेता शोधून सुटका होईल, ही आशा इथे फार कमी.

आमच्याकडे येणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त वेळा येणारी चूक देशाची. एका ग्राहकाने कोक सिंगापूरच्या व्यापाऱ्याकडून हायसीवर, म्हणजे जहाज समुद्रात असतानाच, घेतला. बिल सिंगापूरचं, पैसे सिंगापूरला, म्हणून चीनची ड्युटी लागणार नाही असं त्याने धरलं होतं. कस्टम्स माल कुठे तयार झाला ते बघतं, बिल कुठून फाटलं ते नाही. उगमाचं प्रमाणपत्र चीनचं होतं, ड्युटी पूर्ण लागली. आणि हायसीवर घेतल्यामुळे बिल ऑफ एंट्री त्याच्याच नावावर होती, व्यापाऱ्याच्या नाही.

दुसरी चूक कोडची. "आमचा कोड अधिसूचनेत नाही" असं म्हणून लोक निश्चिंत होतात. अँटी-डंपिंगच्या चौकशीत कोड सूचक धरतात आणि मालाचं शब्दांतलं वर्णन खरं मानतात. कोकच्या बाबतीत राखेचं प्रमाण महत्त्वाचं, म्हणून लॅबचा रिपोर्ट ऑर्डरच्या वेळीच मागा. माल बंदरात पडल्यावर नमुना तपासायला गेला तर डेमरेज तुमच्या माथी.

काही अधिसूचनांत प्रत्येक उत्पादकाला वेगळा दर असतो आणि यादीत नाव नसलेल्यांना शेवटच्या ओळीतला दर लागतो. बहुधा तोच सगळ्यात जास्त असतो. पुरवठादार बदलताना ही ओळ वाचल्याशिवाय होकार देऊ नका. आसियानसारख्या कराराखाली बेसिक ड्युटी शून्य झाली तरी अँटी-डंपिंग शून्य होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

ही ओळ भरायची राहून गेली तर माल सुटतो, पण प्रकरण सुटत नाही. ऑडिटमध्ये सापडलं की दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन मागणी येते, वर व्याज. माहिती लपवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. तोवर ते कास्टिंग विकून झालेलं असतं, फरक गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही.

आणि तारीख. अधिसूचना निघाली तेव्हा माल समुद्रात असेल तरी सूट नाही. बिल ऑफ एंट्री दाखल होण्याची आणि जहाज बंदरात दाखल होण्याची, यांतली जी तारीख नंतरची, त्या दिवसाचा दर लागतो. जहाज चार दिवस उशिरा लागल्यामुळे हिशेब फिरलेले आम्ही पाहिलेत.

चौकशी सुरू झाल्याची जाहीर सूचना निघते आणि तिथून ड्युटी लागायला महिने जातात. तात्पुरती ड्युटीसुद्धा चौकशी सुरू झाल्यावर साठ दिवसांच्या आत लागू शकत नाही. एवढा वेळ हातात असतो. त्या काळात वर्षभराचा सौदा करायचा असेल तर "नवी ड्युटी लागली तर कोण भरणार" हे वाक्य सौद्यात घालून घ्या. आयातदार म्हणून तुम्हीही चौकशीत प्रश्नावली भरून म्हणणं मांडू शकता. एकट्या फाउंड्रीला ते जड जातं, पण दहा-पंधरा जणांनी मिळून कोकची गरज, दर्जा आणि इथला पुरवठा यांचे आकडे दिले तर ते नोंदीवर येतात.

निर्यात करणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे. कास्टिंग परदेशी पाठवण्यासाठी कोक किंवा पोलाद ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर आणलं तर बेसिकबरोबर अँटी-डंपिंग आणि सेफगार्डचीही सूट मिळते. अट एवढीच की ठरलेला माल ठरलेल्या मुदतीत निर्यात झाला पाहिजे. नाहीतर सगळी ड्युटी व्याजासकट परत भरावी लागते.

ऑर्डर पक्की करण्याआधी आम्हाला तीन कागद व्हॉट्सॲप करा: प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, उत्पादकाचं नाव असलेलं पत्र आणि मालाचा टेस्ट रिपोर्ट. त्या दिवशी लागू असलेल्या अधिसूचना बघून तिसऱ्या ओळीत किती येईल ते लिहून देतो. या तपासणीचे पैसे घेत नाही.