बारावा हप्ता आमचा: हिशेब नेमका कसा?

आमच्या पेढीवरच्या मासिक योजनेत तुम्ही दरमहा ५,००० रुपये, असे ११ महिने भरता. अकरावा हप्ता भरून महिना झाला की बारावा हप्ता आम्ही घालतो आणि तुम्ही ६०,००० रुपयांचा दागिना नेता. "५५ हजारांवर ५ हजार, म्हणजे ९ टक्के" असं बरेच जण म्हणतात. खरं तर वार्षिक दर त्याहून बराच जास्त पडतो, कारण ५५ हजार काही पहिल्या दिवसापासून आमच्याकडे नसतात. पहिला हप्ता ११ महिने राहतो, दुसरा १०, आणि शेवटचा जेमतेम एक. सरासरी काढली तर तुमचे पैसे आमच्याकडे ६ महिनेच असतात. सहा महिन्यांत ९ टक्के म्हणजे सरळव्याजाने वर्षाला साधारण १८ टक्के. हेच हप्ते बँकेत साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर तेवढ्या काळात १,८०० रुपयांच्या आसपास व्याज मिळालं असतं.

दागिना न्यायला उशीर केलात तर हा दर घसरतो. महिनाभर थांबलात तरी तो साडेपंधरावर येतो, कारण रक्कम तेवढीच राहते आणि दिवस वाढतात.

आता घडणावळ. कुठल्याही दुकानाची योजना घेताना आधी हेच विचारा. समजा, दागिन्यात ५१,००० रुपयांचं सोनं आहे. रोखीच्या गिऱ्हाईकाला १० टक्के घडणावळ आणि योजनेतल्याला १४ टक्के लावली, तर ३ टक्के जीएसटी धरून तुमचे सुमारे २,१०० रुपये जादा गेले. मिळालेल्या ५,००० मधले २,९०० उरले आणि १८ टक्क्यांचे साडेदहा झाले. फरक ८ टक्क्यांचा असेल तर बँक बरी. आमच्याकडे दोघांना घडणावळ एकच आहे. पटत नसेल तर त्याच दागिन्याचं रोखीचं एस्टिमेट आधी मागून घ्या.

वेढणी किंवा नाणं घेतलं तर बारावा हप्ता मिळत नाही. त्यात घडणावळ नावालाच असते, आणि आमचा हप्ता आम्ही तिथूनच काढतो.

सोन्याचा भाव खरेदीच्या दिवसाचा लागतो. वर्षभरात भाव चढला तर ६०,००० रुपयांत कमी ग्रॅम येतील; ती चढ ही योजना भरून देत नाही. हप्ते मध्येच थांबवले, तर भरलेल्या रकमेचाच दागिना मिळेल, आमचा हप्ता नाही.

हे पैसे म्हणजे दागिन्याची आगाऊ रक्कम आहे, बँकेतली ठेव नव्हे. बँक ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो इथे लागू नाही. म्हणून प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, आणि दागिना घेताना त्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.