ॲडमिन पॅनेलसाठी ऑथेंटिकेटर कोड: सुरू कसा करायचा आणि फोन हरवला तर काय

तुमच्या वेबसाइटच्या ॲडमिन पॅनेलमध्ये शिरताना आता पासवर्डनंतर सहा आकडी कोडही टाकावा लागेल. हा कोड बँकेच्या ओटीपीसारखा एसएमएसने येत नाही. तुमच्या फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप तो स्वतः तयार करतं आणि दर ३० सेकंदांनी बदलतं. फोनला रेंज नसली, इंटरनेट बंद असलं तरी कोड मिळतो. एसएमएस आम्ही मुद्दाम टाळला. कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर एसएमएसचा ओटीपी त्याच्याकडे जातो. ॲपमधला कोड सिमवर अवलंबून नसतो.

कोड येतो कुठून

एवढं समजून घेतलं की पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात. पहिल्यांदा जोडणी करताना पॅनेल एक क्यूआर कोड दाखवतं. त्या चौकोनात साधारण असा मजकूर असतो:

```
otpauth://totp/Dukan:malak@example.com?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Dukan
```

यातला `secret=` नंतरचा भाग म्हणजे गुप्त किल्ली. (वरची किल्ली फक्त नमुन्याची आहे, तुमची वेगळी असेल आणि बरीच लांबही.) ती एकदा तुमच्या फोनमध्ये उतरते आणि एक प्रत आमच्या सर्व्हरवर राहते. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. किल्ली आणि त्या क्षणाची वेळ एकत्र करून फोन एक गणित करतो, सर्व्हर तेच गणित स्वतंत्रपणे करतो आणि उत्तर जुळलं की दार उघडतं. ही पद्धत आमची नाही. २०११ सालच्या आरएफसी ६२३८ या खुल्या मानकात ती लिहिलेली आहे, म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा दुसरं कुठलंही ऑथेंटिकेटर ॲप चालतं. फक्त ॲप घेताना खाली कंपनीचं नाव बघा. मिळत्याजुळत्या नावाची आणि पैसे मागणारी ॲप्स स्टोअरवर असतात. या कामासाठी पैसे द्यायची गरज नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल: त्या क्यूआर कोडचा फोटो ज्याच्याकडे, त्याच्याकडे तुमचे पुढचे सगळे कोड. एसएमएसचा ओटीपी थोड्या वेळात निकामी होतो, हा फोटो होत नाही. म्हणून त्याचा स्क्रीनशॉट काढू नका आणि अकाउंटंटला व्हॉट्सॲपवर तर अजिबात पाठवू नका.

जोडणी

संगणकावर लॉगिन करून "सेटिंग्ज" मध्ये "सुरक्षा" उघडा आणि "ऑथेंटिकेटर सुरू करा" दाबा. पडद्यावर क्यूआर कोड येईल. फोनमध्ये गूगल ऑथेंटिकेटर असेल तर अधिकचं चिन्ह दाबून `Scan a QR code` निवडा आणि कॅमेरा पडद्यावर धरा. ॲपमध्ये तुमच्या दुकानाच्या नावाखाली सहा आकडे दिसू लागतील. ते पॅनेलमध्ये भरा. हा कोड जुळेपर्यंत जोडणी पक्की होत नाही, त्यामुळे मध्येच खिडकी बंद झाली तर घाबरू नका, तुमचं जुनं लॉगिन जसंच्या तसं राहतं. मात्र पुन्हा सुरू केलंत की नवा क्यूआर येतो. आधीची नोंद ॲपमध्ये तशीच पडून राहते, एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात आणि वरच्या ओळीतला कोड टाकून "चुकीचा कोड" येत बसतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात येणाऱ्या फोनपैकी बरेच याचेच असतात. जी ओळ चालत नाही ती खोडा.

पॅनेल फोनवरच वापरत असाल तर स्वतःच्याच पडद्यावरचा क्यूआर कॅमेऱ्याने टिपता येत नाही. अशा वेळी क्यूआरखालच्या "किल्ली हाताने भरा" वर जा, किल्ली कॉपी करा, ॲपमध्ये `Enter a setup key` निवडून चिकटवा आणि प्रकार `Time based` ठेवा.

एका लॉगिनवर तिघं काम करत असतील, म्हणजे मालक, काउंटरवरचा मुलगा आणि महिन्यातून दोनदा येणारा अकाउंटंट, तर आधी ते वेगळं करा. नाहीतर मालक गावी गेले की दर लॉगिनला "काका, कोड सांगा" असा फोन येणार, आणि फोनवर कोड सांगायची सवय लागणं हेच चोराला हवं असतं. "वापरकर्ते" मध्ये प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन बनवा. त्याचे जादा पैसे लागत नाहीत. मुलाला फक्त ऑर्डरी दिसतील, अकाउंटंटला फक्त हिशेब. ॲडमिन हक्क मात्र निदान दोघांकडे ठेवा. त्याचं कारण शेवटी येईल.

"कोड बरोबर आहे, तरी घेत नाही"

जवळजवळ नेहमी दोष घड्याळाचा असतो. सर्व्हर चालू ३० सेकंदांचा कोड घेतो, शिवाय त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एकही चालवून घेतो. समजा सर्व्हरवर ११ वाजून ४० मिनिटं १० सेकंद झाले आहेत. तुमचा फोन २० सेकंद मागे असेल तर तो ११:३९:३० ला सुरू झालेला कोड दाखवेल. तो आधीचा एक, म्हणून चालेल. फोन दोन मिनिटं मागे असेल तर तो ११:३८:०० चा कोड दाखवेल. आकडे अगदी नीट टाइप केले तरी तो नाकारला जाणार.

उपाय एका मिनिटाचा आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ "आपोआप" वर ठेवा. गाडी चुकू नये किंवा कामाला उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढे लावायची सवय अनेकांना आहे. ती भिंतीवरच्या घड्याळापुरती ठेवा. परदेशात गेल्याने मात्र काही बिघडत नाही, कारण गणित जागतिक वेळेवर चालतं. दुबईत उतरल्यावर टाइम झोन आपोआप बदलला तरी कोड जुळतो. टाइम झोन भारताचाच ठेवून काटे हाताने दीड तास मागे केले, तर जुळत नाही.

तुमचा सर्व्हर तुम्ही स्वतः सांभाळत असाल आणि सगळ्यांचेच कोड एकदम नाकारले जाऊ लागले, तर फोन सोडून सर्व्हरचं घड्याळ बघा:

```
timedatectl status
```

त्यात `System clock synchronized: yes` दिसायला हवं.

आणखी दोन गोष्टी बिघाड वाटतात, पण मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. एकदा वापरलेला कोड दुसऱ्यांदा चालत नाही. लॉगआउट करून लगेच परत येत असाल तर पुढचा कोड यायची वाट बघा. आणि सलग पाच चुकीच्या कोडनंतर लॉगिन १५ मिनिटं बंद होतं. सहा आकड्यांच्या फक्त दहा लाख शक्यता असतात. मोजणीला आळा घातला नाही तर एखादा प्रोग्रॅम अंदाजाने मारत मारत कधीतरी आत येईल.

बॅकअप कोड

जोडणी पक्की झाली की पॅनेल दहा बॅकअप कोड दाखवतं, `7kq4m-x2hdt` अशा धर्तीचे. शून्य, ओ, एक आणि एल ही अक्षरं त्यात नाहीत, म्हणजे हाताने लिहून घेतले तरी वाचताना गोंधळ होत नाही. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि तो सहा आकड्यांच्या जागी वापरायचा असतो, पासवर्ड लागतोच.

हे कोड पुन्हा दिसत नाहीत. आम्हाला फोन करूनही ते सांगता येणार नाहीत, कारण आमच्याकडे त्यांचं उलटं न फिरवता येणारं रूप साठवलेलं असतं, मूळ कोड नव्हे. म्हणून तेव्हाच छापा. छापलेला कागद शॉप ॲक्टच्या फाइलमध्ये किंवा घरच्या कपाटात ठेवा. गल्ल्यात नको, तो दिवसातून पन्नास वेळा उघडतो. आणि त्याच फोनच्या गॅलरीत तर नकोच: फोन गेला की कोडही गेले.

वापरलेल्या कोडवर काट मारा. तीन उरले की पॅनेल आठवण करतं. तेव्हा "नवे कोड बनवा" दाबा. नवा संच बनताच जुन्या कागदावरचे उरलेले सगळे रद्द होतात, म्हणून तो कागद फाडून टाका. दोन संच फाइलमध्ये एकत्र राहिले की ऐनवेळी जुनाच हाताला लागतो.

फोन हरवला तर

क्रम महत्त्वाचा आहे. संगणकावर पासवर्ड टाका, कोडच्या रकान्याखालचं "बॅकअप कोड वापरा" दाबा, कागदावरचा पहिला न वापरलेला कोड भरा. आत गेल्यावर सर्वांत आधी "सगळीकडून लॉगआउट" दाबा. लोक हेच विसरतात. तुम्ही कधी "या ब्राउझरवर ३० दिवस विचारू नका" यावर खूण केली असेल, तर हरवलेल्या फोनमधल्या ब्राउझरला कोड विचारलाच जात नाही, आणि तिथे लॉगिन उघडं असेल तर पासवर्डही नाही. या बटणाने दोन्ही सवलती संपतात. मग पासवर्ड बदला, "जुनं ॲप काढा" दाबा, नव्या फोनवर नवा क्यूआर टिपा आणि बॅकअप कोडचा नवा संच छापा. जुन्या फोनमधलं ॲप आकडे दाखवत राहील, पण ती किल्ली सर्व्हरवरून गेलेली असते.

फोन हरवण्यापेक्षा बदलताना जास्त गडबड होते. नव्या फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज परत आले म्हणजे ऑथेंटिकेटरही आलं असेल असं वाटतं आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये जातो. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून नोंदी गूगल खात्यात साठवता येतात. ते चालू केलेलं असेल तर त्या परत येतात. नसेल तर जुना फोन हातात असतानाच ॲपमधल्या `Transfer accounts` ने नोंदी हलवा. नव्या फोनवरून एकदा लॉगिन करून बघा, मगच जुना फोन पुसा.

फोनही नाही, कागदही नाही

दुसरा ॲडमिन असेल तर तो "वापरकर्ते" मध्ये जाऊन तुमची जोडणी मोकळी करू शकतो. दोन मिनिटांचं काम. एकच ॲडमिन असेल तर आमच्याकडे यावं लागेल, आणि तिथे आम्ही जाणूनबुजून सावकाश वागतो. मेसेज किंवा ईमेलवरून आम्ही जोडणी काढत नाही. करारात लिहिलेल्या नंबरवर आम्ही स्वतः फोन करतो, बोलून खात्री करतो, आणि कामाचा एक दिवस थांबून मगच मोकळं करतो. या सगळ्यात आम्ही सहा आकडी कोड किंवा बॅकअप कोड कधीही विचारत नाही. कुणी आमच्या नावाने विचारला तर तो आमचा माणूस नव्हे. हुबेहूब पॅनेलसारखं बनावट पान काढून कुणी पासवर्ड आणि कोड दोन्ही घेतले तर ते त्याच ३० सेकंदांत खऱ्या पॅनेलवर वापरता येतात. त्यापासून ही पद्धत वाचवत नाही. म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून लॉगिन न करता पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्कवरून जा.

बऱ्याच जणांच्या करारात एकच मोबाइल नंबर आहे आणि तो नेमका हरवलेल्या फोनमधलाच असतो. मग आम्ही फोन करायचा कुणाला? या पत्रकासोबतच्या अर्जावर घरच्या किंवा भागीदाराच्या दुसऱ्या नंबरसाठी रकाना आहे. तो भरून, सही करून बिलाच्या वेळी आमच्या माणसाकडे द्या.