झपझप चालणं म्हणजे मिनिटाला १०० पावलं, हा आकडा आला कुठून?

शिवाजी पार्कात संध्याकाळी फेऱ्या मारणारे बहुतेक जण घड्याळात दहा हजार झाले का एवढंच बघतात. तो आकडा जपानचा, १९६५ च्या आसपास तिथे पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं तेव्हाचा, आणि त्यात स्पीडचा पत्ताच नाही. किचनमध्ये घुटमळत झालेली पावलं आणि लोकल पकडायला झपझप टाकलेली पावलं, दोन्ही एकाच हिशोबात.

मग १९९५ मध्ये अमेरिकेत सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था आणि एसीएसएम ही क्रीडावैद्यकाची संघटना यांनी सांगितलं की जवळपास रोज ३० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करा, उदाहरण म्हणून दिलं ब्रिस्क वॉक, ताशी ३ ते ४ मैल. आता फुटपाथवर चालणाऱ्याला ताशी मैल कसे कळणार! मध्यम म्हणजे काय हे तसं ठरलेलं होतं, शांत बसल्यावर शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो तो १ मेट, त्याच्या तिप्पट म्हणजे ३ मेटपासून मध्यम सुरू आणि ६ पासून जोरदार. पण ऑक्सिजन मोजायला तोंडाला मास्क लागतो.

म्हणून संशोधकांनी लोकांना मास्क लावून ट्रेडमिलवर चालवलं आणि सोबत पावलंही मोजली. २००९ च्या सॅन डिएगोच्या अभ्यासात ३ मेटसाठी पुरुषांची मिनिटाला ९२ ते १०२ पावलं निघाली, बायकांची ९१ ते ११५. त्यावरून लक्षात राहील असा १०० चा गोल आकडा धरला, अर्ध्या तासात ३०००. पुढे संशोधक कॅट्रिन ट्यूडर-लॉक यांच्या टीमने वेगवेगळ्या वयाच्या मोठ्या माणसांवर हेच तपासलं, तरी आकडा शंभराच्याच आसपास राहिला.

पण हा आकडा प्रत्येकाला तंतोतंत लागू होतो असं नाही, त्यात उंचीचाही हात आहे. समजा ठेंगण्या काकू आणि उंच पुतण्या गप्पा मारत सोबत चाललेत, मिनिटाला ७० मीटर. काकूंचं पाऊल ६० सेंटीमीटरचं, म्हणजे त्यांची ११७ पावलं होतात, पुतण्याचं ७५ चं, त्याची ९३. स्पीड एकच, तरी घड्याळ पुतण्याला स्लो ठरवणार, आणि ते अगदी बरोबर असेलच असं नाही. उलट काकू सत्तरीच्या असतील तर त्यांना तेवढंच चालणं बरंच जड जात असेल, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही खूण तिथे जास्त कामाची.

शिवाय हा आकडा सपाट ट्रेडमिलवरचा. मलबार हिलचा चढ किंवा हातातल्या भाजीच्या पिशव्या, यात पावलं कमी पडतात आणि दम जास्त लागतो. आणि पूर्ण अर्ध्या तासाचं ॲव्हरेज बघाल तर सिग्नलला उभं राहिलेलं, गर्दीतून वाट काढलेलं सगळं त्यात येतं, त्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर १५ सेकंद पावलं मोजा, २५ आली की झाली शंभर.